युरोप टूरवर भरलेला टीसीएस परत कसा मिळवायचा?

प्रश्न: मार्च 2026 मध्ये मी, बायको आणि आई अशी तिघांची युरोप टूर बुक केली. टूरचे 9 लाख आणि वर 45,000 टीसीएस, सगळे पैसे माझ्या खात्यातून गेले. ट्रॅव्हलवाला म्हणतो ‘रिटर्नमध्ये मिळतील’. महिना झाला, 26AS मध्ये काहीच दिसत नाही. कंपनीने माझा टीडीएस आधीच पूर्ण कापलाय. पैसे बुडाले का? – कोथरूडकर

उत्तर:

नाही बुडाले. 26AS म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, त्यात ते अजून दिसायची वेळच झालेली नाही.

टीसीएस म्हणजे टूरवाल्याने बिलासोबत तुमच्याकडून घेतलेला कर. तो सरकारकडे जमा करतो, पण तो कोणाच्या पॅनवर घेतला हे खात्याला कळतं त्याने दर तिमाहीला भरलेल्या 27EQ या विवरणपत्रातून. जानेवारी ते मार्च या तिमाहीची त्याची मुदत 15 मे. ते भरून त्यावर प्रक्रिया झाली की तुमच्या 26AS मध्ये नोंद उमटते. त्यानंतर त्याच्याकडून 27D हे प्रमाणपत्र मागून घ्या. मुदतीनंतर 15 दिवसांत ते देणं त्याचं काम आहे. मेअखेरीस पोर्टलवर e-File → Income Tax Returns → View Form 26AS इथे जाऊन बघा.

तोवर बिल काढून त्यावरचा पॅन अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी टूरवाल्याने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं आणि माझे पैसे भलत्याच पॅनकडे गेले. अशी चूक प्राप्तिकर खातं तुमच्या सांगण्यावरून सुधारत नाही, टूरवाल्यालाच 27EQ चं दुरुस्त विवरणपत्र भरावं लागतं. मला त्यासाठी तीन आठवडे फोन करावे लागले. तुम्ही आत्ताच बघितलंत तर एका ईमेलवर काम होईल.

आता हिशोब. तुमचं उत्पन्न माहीत नाही, म्हणून उदाहरण घेतो. नवीन करप्रणाली, स्टँडर्ड डिडक्शन वजा करून पगार 18 लाख, त्यावर सेससकट कर 1,66,400 आणि कंपनीने तेवढाच कापला. शिवाय एफडीचं व्याज 50,000, जे कंपनीला सांगितलं नव्हतं आणि ज्यावर बँकेनेही काही कापलं नाही. एकूण उत्पन्न 18.5 लाख, कर 1,76,800. तुमच्या नावावर जमा आहेत 1,66,400 अधिक 45,000, म्हणजे 2,11,400. व्याजावरचे 10,400 टीसीएसमधून आपोआप वळते झाले आणि उरलेले 34,600 रिफंड. म्हणजे टीसीएस हा वेगळा कर नाही, तुमच्या एकूण करापोटी आगाऊ घेतलेली रक्कम आहे. काही जण तो उत्पन्नातून वजावट म्हणून दाखवतात, तो घोळ करू नका. रिटर्नमध्ये त्याची जागा Schedule TCS, तिथे टूरवाल्याचा TAN, म्हणजे कर गोळा करणाऱ्याचा खाते क्रमांक, आणि रक्कम येते. 26AS मध्ये नोंद आली की बहुतेक वेळा ते आधीच भरलेलं मिळतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये रिटर्न भरायची घाई नको. जूनमध्ये भरा, 31 जुलैची वाट मात्र पाहू नका. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या अशा रिफंडवर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, पण रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाही. वरच्या उदाहरणात ते महिन्याला 173 रुपये. चहा-क्रीमरोलची सोय.

हीच टूर ऑगस्ट 2025 मध्ये बुक केली असती तर रिफंडची वाट पाहावीच लागली नसती. ऑक्टोबर 2024 पासून पगारदाराला भरलेला टीसीएस कंपनीला कळवता येतो, 2025-26 मध्ये त्यासाठी 12BAA हा फॉर्म होता, आणि कंपनी तेवढा टीडीएस पुढच्या पगारांतून कमी कापते. मार्चमध्ये वर्षाचा टीडीएस कापून झालेला असतो, म्हणून तुमच्या बाबतीत उशीर झाला.

दुसरी चुटपुट लागेल ती दराची. 31 मार्च 2026 पर्यंत 10 लाखांपर्यंतच्या टूरवर 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस होता. 1 एप्रिलपासून सरसकट 2 टक्के झाला. बिल आणि पैसे दोन्ही एप्रिलमध्ये झाले असते तर 18,000 च अडकले असते. पण पैसे आधी दिले किंवा बिल आधी लागलं, यातलं जे आधी, तेव्हाचा दर लागतो. टूर मेमध्ये निघते की जूनमध्ये, याने फरक पडत नाही. तुमच्या टीसीएसचं क्रेडिट 2025-26 चंच.

एक मोह टाळा. ‘पुढच्या वेळी बिल आईच्या पॅनवर घेऊ, तिचं उत्पन्न करपात्र नाही, म्हणजे सगळंच परत’ असं कोणीतरी सुचवेलच. परत मिळेल, पण परदेश प्रवासावर 2 लाखांहून जास्त खर्च दिसला की उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न भरावंच लागतं. त्यात पेन्शनवर जगणाऱ्या आईच्या AIS मध्ये, म्हणजे खात्याकडच्या वार्षिक व्यवहारांच्या यादीत, 9 लाखांची टूर दिसली की पैसे आले कुठून, हा प्रश्न उभा राहतो. ज्याने पैसे दिले त्याच्या पॅनवर बिल, हेच सरळ.