जादूची पिशवी घेऊन नर्सरीत पंचेंद्रियांचा पाठ

प्रश्न: नर्सरीच्या मुलांना पाच ज्ञानेंद्रियं शिकवायची आहेत. जादूची पिशवी वापरून पाठ घ्यायचा विचार आहे. पिशवीत काय ठेवू, प्रश्न कोणते विचारू आणि शेवटी द्यायचा जोड्या लावण्याचा चित्रांचा कागद कसा बनवू?

पिशवीत काय ठेवायचं याच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका. पिशवीचं खरं काम डोळे बाजूला ठेवण्याचं आहे. डोळे उघडे असले की मूल हात, कान, नाक यांना कामाला लावतच नाही, कारण बघितलं की उत्तर मिळालेलं असतं. म्हणून पिशवी जाड, आरपार न दिसणाऱ्या कापडाची हवी आणि तिचं तोंड मुलाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढंच हवं. पाचही इंद्रियं मात्र पिशवीत कोंबू नका. स्पर्श पिशवीत, आवाज पिशवी हलवून, वास पिशवीच्या तोंडाशी, वस्तू बाहेर आली की डोळे, आणि चव पूर्णपणे वेगळी, स्वच्छ चमच्यावर. पिशवीतली वस्तू तोंडात घालायची नाही, हा नियम पहिल्या मिनिटालाच सांगा. नाहीतर चवीचा विषय निघाल्यावर मुलं स्पंजसुद्धा चाखून बघतात.

वस्तू एका वेळी चार-पाच पुरतात: स्पंज, गुळगुळीत दगड, कंगवा, छोटी घंटा, लिंबू. बटण, मणी, गोट्या यांसारखं घशात अडकेल असं काही नको. तोंडात पूर्ण मावणारी वस्तू बादच करायची. वासाच्या वस्तू झाकणाच्या डबीत ठेवा आणि आयत्या वेळी पिशवीत टाका. साबणाची वडी थोडा वेळ पिशवीत राहिली की स्पंजाला, कंगव्याला, सगळ्यालाच साबणाचा वास येतो आणि मग नाकाला ओळखण्यासारखं काही उरत नाही. एका पाठात दोनच वास ठेवते मी. तिसऱ्यापासून मुलं नुसती मान डोलवतात. मिरपुडीसारखं शिंका आणणारं काही नको, आणि चाखायला काही देणार असाल तर कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पालकांना आधी विचारून घ्या.

आता प्रश्न. बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात, "काय आहे आत?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. नाव सांगितलं की मुलाच्या दृष्टीने खेळ संपतो आणि हात पिशवीतून बाहेर येतो. "कसं लागतंय?" हाही फार मोकळा प्रश्न आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक बोटांना कळतो, पण शब्द आपणहून सुचत नाही. म्हणून दोन पर्याय देऊन विचारा: मऊ की टणक? खरखरीत की गुळगुळीत? गार की कोमट? जे मूल बोलतच नाही त्याच्यासाठी पिशवीतल्या वस्तूंच्या जोडीच्या तशाच वस्तू समोर ताटात मांडून ठेवा. हात पिशवीत ठेवून त्याने दुसऱ्या हाताने ताटातली बरोबर वस्तू दाखवली, की तेच उत्तर. मॉन्टेसरी पद्धतीतही वस्तू न बघता, नुसत्या हाताने ओळखण्यासाठी अशी पिशवी वापरतात.

लिंबाचं उदाहरण घेऊ. मुलाचा हात आत गेला. गार की कोमट? "गार." दाबून बघ, दाबलं जातं का? "थोडंसं." कानाशी हलव, आवाज येतो का? "नाही." एवढ्यात मूल म्हणतं, "बॉल!" इथे "चूक" म्हणू नका. हाताला जे कळलं त्यावरून त्याने बरोबरच ताडलंय, कारण गोल आहे आणि किंचित दबतंय. लिंबाच्या सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढा आणि पिशवीचं तोंड त्याच्या नाकाशी न्या. बॉलला असा वास येतो का? चेहरा लगेच बदलतो. मग वस्तू बाहेर काढा आणि रंग विचारा. शेवटी वेगळ्या चिरलेल्या लिंबाचा एक थेंब चमच्यावरून जिभेवर. आणि मग विचारा, "लिंबू आहे हे आधी कोणी सांगितलं, हाताने की नाकाने?" पाठाचा गाभा हा प्रश्न आहे. मुलं नाकाला बोट लावून दाखवतात.

स्पर्शाबाबत एक गैरसमज पिशवीमुळेच तयार होतो. मुलांना वाटतं, स्पर्श म्हणजे हात. तो तिथल्या तिथे मोडायला डोळे मिटायला सांगून कापूस गालावर, मग पोटरीवर, मग तळपायावर फिरवा आणि विचारा, कुठे लागलं? त्वचा सगळीकडे आहे हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

काही मुलं पिशवीत हात घालायला घाबरतात. त्यांच्यासमोर पिशवी उलटी करून रिकामी दाखवा, त्यांच्याच हाताने वस्तू आत टाकायला लावा, किंवा बाहेरून कापडावरूनच चाचपू द्या. जबरदस्ती केली तर ते मूल त्या दिवशी पिशवीजवळ फिरकत नाही. गट पाच-सहा मुलांचा ठेवा. मोठ्या वर्गात पाळी येईपर्यंत बाकीची कंटाळतात. त्यांच्या हातात कान, नाक, डोळा, जीभ, हात यांची चित्रकार्डं द्या, म्हणजे "आता कोण काम करतंय?" विचारलं की ती कार्ड वर करतील.

चित्रांच्या कागदात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डावीकडे पाच इंद्रियं, उजवीकडे पाच वस्तू, आणि फुलाचं चित्र डोळ्याला जोडावं की नाकाला हे मोठ्यांनाही ठरवता येत नाही. म्हणून शक्यतो एकाच इंद्रियाकडे ओढणाऱ्या वस्तू निवडा. डोळ्यासाठी चंद्र उत्तम, कारण त्याला हात लागत नाही, वास येत नाही, आवाज नाही. कानासाठी घंटा, जिभेसाठी काडीवरची गोळी, स्पर्शासाठी सशाचं पिल्लू, नाकासाठी फूल. फूल मात्र रंगीत छापू नका. काळ्या रेषेतलं आणि त्याला हुंगणारं मूल शेजारी असलेलं काढा. लिंबू या कागदावर नकोच, ते कान सोडून चारांनाही जोडता येतं. स्पर्शासाठी हात काढलात तर बाहीपर्यंतचा उघडा दंडही दाखवा.

पहिल्या दिवशी तीनच जोड्या द्या आणि चित्रं तळहाताएवढी ठेवा. प्रत्येक चित्राशेजारी ठळक ठिपका हवा, म्हणजे रेघ कुठून कुठे न्यायची ते कळतं. आधी बोटाने रेघ ओढायला लावा, मग जाड खडूने. एखाद्याच्या रेघा भलतीकडे गेल्या तर लगेच "कळलं नाही" असं ठरवू नका. कागद बाजूला ठेवून विचारा, "घंटा कशाने ऐकतोस?" त्याने कानाला हात लावला तर पाठ त्याला कळलाय, रेघ ओढण्याचा सराव तेवढा राहिलाय. एखाद्याने फूल डोळ्याला जोडलं आणि "छान दिसतं" म्हणाला, तर ती रेघ बरोबर धरा आणि नाकाकडे दुसरी रेघ ओढू द्या.