सिनियरना मेसेज लिहिताना ‘तुम्ही’ लिहायचं की ‘आपण’?

*मी ऑफिसात नवीन आहे. बरोबरीच्यांना लिहिलेल्या नोट्स कधी कधी तशाच मॅडमना पाठवाव्या लागतात. परवाची नोट अशी होती: ‘कालची शीट बघितलीस का? दोन एंट्री चुकल्यात तुझ्या. दुरुस्त करून पाठव ना, ४ च्या आत हवीय. नाहीतर फोन कर मला.’ मी सगळीकडे ‘आपण’ टाकून पाठवली, तरी मॅडमना खटकलं. कुठे चुकलं?*

तुमच्या नोटेत ‘तू’ हा शब्द एकदाही नाही, फक्त एक ‘तुझ्या’ आहे, हे आधी बघा. तरी सगळी नोट ‘तू’चीच आहे, कारण मराठीत ‘तू’ क्रियापदात दडून बसतो. ‘बघितलीस’मधला शेवटचा ‘स’, ‘पाठव’ आणि ‘फोन कर’ ही नुसती धातूची रूपं, हे सगळे ‘तू’च. म्हणून सर्वनाम शोधून बदलू नका, क्रियापदं बघा. ‘आहेस, होतास, केलंस, सांगशील’ यांची ‘आहात, होतात, केलंत, सांगाल’ झाली पाहिजेत. ‘कर, दे, घे, ये’ यांची ‘करा, द्या, घ्या, या’. घाईत सर्वनाम बदलतं आणि शेपूट तसंच राहतं. ‘तुम्ही बघितलीस का’ असा मेसेज मी एका वरिष्ठाला स्वतः पाठवलेला आहे.

आता ‘आपण’. तुमची खरी अडचण मला इथे दिसते. ‘तुम्ही’पेक्षा ‘आपण’ जास्त आदराचं म्हणून सगळीकडे तेच टाकलं, की वाक्य भलतीकडे जातं. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूसही आणि ‘मी आणि तुम्ही मिळून’ही. कुठला अर्थ, ते क्रियापद सांगतं. ‘आपण कराल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण करू’ म्हणजे आपण दोघं. ‘आपण आलात’ आणि ‘आपण आलो’ यांतही घोळ नाही. पण भूतकाळात कर्म असलेलं वाक्य आलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि ही खूण पुसली जाते. ‘आपण शीट बघितली का?’ म्हणजे मॅडमनी की आपल्या सगळ्यांनी? शेवटी ‘त’ लावलात, ‘बघितलीत का’ केलंत, तरच नक्की कळतं. ‘आपल्याला’ आणि ‘आपला’ यांच्या बाबतीत तर तेवढीही सोय नाही. ‘दोन एंट्री चुकल्या आहेत आपल्या’ हे मॅडमनी कसं वाचायचं? त्यांच्या चुकल्या, की खात्याच्या?

हे मी अनुभवाने सांगतेय. एका पतसंस्थेत नवीन असताना मी मॅनेजरना लिहिलं होतं: ‘सर, उद्या ११ वाजता आपल्याला ऑडिटरकडे जायचं आहे. फायली काढून ठेवल्या आहेत.’ माझ्या मनात ‘आपल्याला’ म्हणजे अदबीने ‘तुम्हाला’. सरांनी वाचलं ‘दोघांना’. साडेअकराला त्यांचा फोन, ‘अहो, निघायचंय ना? मी खाली उभा आहे.’ मी तेव्हा दुसऱ्या शाखेत होते आणि ऑडिटर तिकडे घड्याळ बघत बसलेले. त्या दिवसापासून रोजच्या मेसेजमध्ये मी ‘तुम्ही, तुम्हाला, तुमचं’ एवढंच लिहिते. ‘आपण’ ठेवते ते बरोबर मिळून करायच्या कामाला. अर्ज, निमंत्रण किंवा बाहेरच्या संस्थेला पत्र असेल तर ‘आपण’, ‘आपणास’ खुशाल वापरा, तिथे तो शोभतो. रोज शेजारच्या केबिनमध्ये बसणाऱ्या मॅडमना ‘आपणास’ लिहिलंत तर त्यांना वाटेल, ही रागावलीय की काय.

पण सर्वनाम सुधारून काम संपत नाही. मॅडमना खटकलं त्यात आज्ञार्थाचाही वाटा असणार. ‘दुरुस्त करून पाठवा, फोन करा’ ही रूपं आदरार्थीच आहेत, पण आहे ती आज्ञाच. वर ‘ना’ लावलात तर बोलण्यात ते गोड वाटतं, लिहिण्यात मात्र वरिष्ठांपुढे लाडिगोडी केल्यासारखं दिसतं. काहीजण मग ‘पाठवावी’कडे वळतात. ते आणखी फसवं, कारण ‘माहिती तात्काळ सादर करावी’ ही भाषा परिपत्रकात वरून खाली येते. खालून वर जाताना पुढे ‘ही विनंती’ जोडावंच लागतं, आणि तेही पत्रात. ‘कृपया पाठवा’ चालतं, पण मला ते वाचताना ‘कृपया चपला बाहेर काढा’ची पाटी आठवते. त्यापेक्षा साधं ‘पाठवाल का?’ किंवा ‘मिळेल का?’ पुरतं. ‘पाठवू शकाल का’ हल्ली सर्रास दिसतं, त्यात वाईट काही नाही, फक्त प्रश्न जमण्याचा होऊन बसतो.

मी तुमची नोट अशी लिहिली असती:

‘मॅडम, कालची शीट पाहिलीत का? दोन रकमा पावत्यांशी जुळत नाहीत, त्यांच्यावर मी खूण केली आहे. दुरुस्त शीट ४ च्या आत मिळाली तर मी आजच पुढे पाठवते. काही विचारायचं असेल तर मी तुमच्याकडे येऊन जाते.’

‘तुझ्या चुकल्या’चं ‘तुमच्या चुकल्या’ केलं असतं तरी बोट त्यांच्याकडेच राहिलं असतं. म्हणून चूक माणसाची न ठेवता रकमेची केली. ‘४ च्या आत हवीय’ हे फर्मान होतं, आता वेळेमागे कारण आहे. आणि ‘फोन कर’चं ‘फोन करा’ न करता यायचं काम स्वतःकडे घेतलं. ‘तुम्ही’ हा शब्द कुठे नाहीच, फक्त ‘पाहिलीत’ आणि ‘तुमच्याकडे’. तेवढ्याने भागतं.

कर्ताच काढून टाकायची युक्तीही चांगली आहे. ‘सही केलीत का?’ म्हटलं की हिशेब मागितल्यासारखं होतं, ‘सही झाली का?’ मऊ वाटतं. पण ती जपून वापरा. ‘शीट दुरुस्त व्हायला हवी’ असं चार जणांच्या ग्रुपवर टाकलंत तर चौघंही समजतात की दुसरा कोणीतरी करतोय. काम नेमकं एकाचं असेल तिथे ‘मॅडम, तुम्ही’ असं स्पष्ट लिहा.

तुमच्या मॅडम आहेत म्हणून आणखी एक. ‘मोकळे आहात का?’ नाही, ‘मोकळ्या आहात का?’ आणि ग्रुपवर त्यांच्याबद्दल लिहिताना ‘मॅडम आल्या, मॅडम म्हणाल्या’. ‘मॅडम आली’ हे बोलताना कानावरून जातं, पण मेसेज त्याही वाचत असतात.

आणि मॅडमच ‘अगं, मला तू म्हण’ म्हणाल्या तर? त्यांच्या चॅटवर म्हणा. ग्रुपवर मी तरी ‘तुम्ही’च ठेवते.