उधारीचं एक बिल खतावणीत कुठे कुठे जातं

"सर, बीकॉम झालंय, टॅली येतं. अकाउंट असिस्टंटच्या इंटरव्ह्यूत विचारलं, उधारीवर माल विकला तर हिशोबात काय होतं? मी म्हटलं, गिऱ्हाईक डेबिट, सेल्स क्रेडिट. ते म्हणाले, ते झालं, पण कुठल्या वहीत आणि कधी? मी गप्प. आता काय वाचू?"

वेगळं काही वाचू नकोस, एक बिल हातात घे आणि त्याच्या मागे मागे जा. समज पंख्यांचं होलसेल दुकान आहे, 5 तारखेला पाटलांना 20 पंखे उधारीवर दिले, 1,500 ने 30,000 झाले, 10 टक्के व्यापारी सूट बिलातच वजा (तिचं खातं कुठेच उघडत नाही), राहिले 27,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,860, म्हणजे बिल झालं 31,860 चं.

हे बिल रोजकीर्दीत जात नाही, विक्री पुस्तकात जातं, आणि तिथे फक्त एक ओळ असते, तारीख, नाव, बिल नंबर, खाते पान नंबर, रकमा. रोख विक्री असती तर रोख पुस्तकात गेली असती. आणि दुकानातलं जुनं कपाट उधारीवर विकलं तर? ते रोजकीर्दीत, कारण कपाट हा आपला विकायचा माल नाही. हा प्रश्न इंटरव्ह्यूवाल्यांचा फार लाडका, लक्षात ठेव.

आता खरी गंमत, तुझं "कधी". पाटलांचं खातं त्याच दिवशी 31,860 ने नावे होतं कारण ते उद्या फोन करून बाकी विचारू शकतात, पण विक्री खात्यात त्या दिवशी काहीच पडत नाही. महिनाअखेर पुस्तकाची बेरीज मारायची, समज सगळ्या बिलांची निव्वळ विक्री 1,00,000 निघाली, तर विक्री खात्यात एकच जमा 1,00,000, सीजीएसटी आणि एसजीएसटीला 9,000-9,000, आणि तिकडे सगळ्या गिऱ्हाइकांची नावे बेरीज 1,18,000 यायलाच हवी.

नाही आली तर? पाटलांना 31,860 ऐवजी 31,680 टाकलं तर तेरीज 180 ने चुकते, आणि फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला की आधी आकडे उलटेपालटे झालेत का बघायचं. पण बिल पुस्तकात चढलंच नाही, किंवा दुसऱ्याच पाटलांच्या खात्यावर गेलं, तर तेरीज मस्त जुळते! पहिली चूक बिल नंबरांची ओळ तपासली की सापडते, दुसरी बहुतेक वेळा तेव्हाच कळते जेव्हा ते दुसरे पाटील भांडायला येतात.

टॅलीत F8 ला व्हाउचर सेव्ह केलं की सगळी खाती एकदमच भरतात म्हणून तुला हा प्रवास कधी दिसलाच नाही. शिवाय तिथल्या सेल्स रजिस्टरमध्ये F8 ने मारलेली रोख बिलंही येतात, कागदावरच्या विक्री पुस्तकात ती नसतात. आता हेच बिल कागदावर विक्री पुस्तकाचे रकाने आखून चढव, मग टॅलीत टाकून पाटलांचं लेजर उघड आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.