बाजाराचा वार आणि सेल्समनची लाइन

"ताई, बाजारगावात आमचं किराणा दुकान आहे. होलसेलवाल्यांचे सेल्समन दर गुरुवारी अकराच्या सुमारास येतात, आणि गुरुवार हाच आमच्या गावचा बाजार. काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग असते, ऑर्डर धड सांगता येत नाही, भाऊ तासभर ताटकळतात. दिवाळीला तेलाची टंचाई होती तेव्हा त्यांनी आमच्यासाठी डबे राखून ठेवले होते. मिस्टर आजारी होते तेव्हा बिलासाठी थांबले होते. अशा माणसाला 'तुम्ही दुसऱ्या वारी या' कसं म्हणू? त्यांना तोडून बोलल्यासारखं वाटेल का?"
– एक दुकानदार

ताई,

तुमच्या भाऊंना तुमच्या बोलण्याचं वाईट वाटण्यापेक्षा पेच पडण्याची शक्यता जास्त आहे, कारण वार त्यांच्या हातात नसतो. होलसेलवाले गावांच्या लाइन लावून देतात. सोमवारी ही चार गावं, मंगळवारी ती चार. सेल्समन ज्या लाइनवर आज ऑर्डर घेतो, त्याच लाइनवर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी मालाचा टेम्पो फिरतो, आणि आधीच्या बिलाची वसुलीही त्याच फेरीत होते. म्हणजे तुम्ही एक वार मागता तेव्हा ऑर्डर, माल आणि पैसे असे तीन वार हलतात. म्हणून "मंगळवारी या" अशी सुरुवात करू नका. "भाऊ, गुरुवार सोडून आमच्या बाजूला तुमची फेरी कधी असते?" असं विचारा. उत्तर त्यांना देता येईल असा प्रश्न आधी विचारला, की पुढचं बोलणं सोपं जातं.

कारण सांगताना फक्त गर्दीचं सांगू नका. गर्दीवर ते लगेच म्हणतील, "मी चारनंतर येतो," आणि तुमची खरी अडचण तशीच राहील. ती अशी, की गुरुवारी दिलेल्या ऑर्डरीचा माल तुमच्याकडे शुक्रवारी उतरतो. बाजार उठून गेल्यावर दुकान भरतं आणि पुढच्या बाजारापर्यंत तोच माल पुरवावा लागतो. त्यातून काय संपलं, हे बाजाराच्या धांदलीत बघायला सवड नाही, म्हणून तुम्ही आठवेल तेवढंच सांगता. चार वस्तू राहून जातात. त्या न विकल्यामुळे तुमचा गल्ला कमी होतो आणि त्यांची ऑर्डरही कमी होते. हे कारण दोघांचं आहे, म्हणून तेच पुढे ठेवा.

या हिशेबाने मंगळवार सगळ्यात चांगला: मंगळवारी ऑर्डर, बुधवारी माल, गुरुवारी फळ्या भरलेल्या. सोमवारही चालेल. बुधवार मात्र ते आपणहून देऊ लागले तरी घेऊ नका. मग टेम्पो नेमका गुरुवारी बाजाराच्या गर्दीत दारात उभा राहील आणि गिऱ्हाइकं सोडून तुम्हाला खोकी मोजावी लागतील. आणि मागण्याआधी तुमचा स्वतःचा मंगळवार बघून घ्या. त्या दिवशी बिस्किटवाला किंवा साबणवाला वसुलीला येत असेल, तर एकाच दिवशी दोन बिलं भागवायची वेळ येईल.

बोलायचं कधी, यालाही महत्त्व आहे. गुरुवारी काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर नको. संध्याकाळी त्यांची लाइन संपल्यावर फोन करा. महिन्याचा शेवटचा आठवडाही टाळा. तेव्हा टार्गेटचं क्लोजिंग असतं आणि एक दुकान लाइनवरून हलवायचं म्हटलं तरी जीवावर येतं. पहिल्या आठवड्यात तेच बोलणं ते निवांत ऐकतील. शब्द साधेच असू द्या:

"भाऊ, गुरुवारी तुम्ही तासभर उभे राहता आणि तरी माझी ऑर्डर अर्धीच होते. माल बाजाराच्या आधी मिळाला तर मी जास्त उचलेन. मंगळवारी आमच्याकडून जाणं जमेल का? शेटजींना विचारावं लागत असेल तर विचारा, मला घाई नाही. ऑर्डर मात्र तुमच्याकडेच."

शेवटचं वाक्य गाळू नका. वार बदलायचं म्हटलं की दुसरा होलसेलवाला दुकानात शिरलाय की काय, ही शंका सेल्समनच्या मनात पहिली येते. आणि त्यांना डावलून थेट शेटजींना फोन करू नका. ती तक्रार ठरते, तुमच्या मनात तसं नसलं तरी. भाऊंनीच "तुम्ही एकदा बोला" म्हटलं, तर मग जरूर बोला, आणि त्या फोनवर दिवाळीच्या तेलाच्या डब्यांची गोष्टही सांगा.

आता सगळ्यात नाजूक आठवडा, जिथे चांगली माणसं एकमेकांवर चिडतात. तो म्हणजे बदलाचा पहिला. समजा, तुमची नेहमीची ऑर्डर 8,000 रुपयांची आहे आणि उधारी सात दिवसांची. शेवटच्या गुरुवारी ऑर्डर दिली, शुक्रवारी माल आला, आणि भाऊ मंगळवारी हजर. मधे चारच दिवस गेले. माल पुरता विकलेला नाही, बिलाची मुदतही संपलेली नाही. पण बऱ्याच होलसेलवाल्यांकडे आधीचं बिल चुकल्याशिवाय नवं बनत नाही. मग ते म्हणतात "बिल क्लिअर करा", तुम्ही म्हणता "अजून मुदत आहे", आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यावर उपाय त्या शेवटच्या गुरुवारीच करायचा. त्या दिवशी ऑर्डर अर्धी द्या, साधारण 4,000 ची. शुक्रवार ते बुधवार एवढेच दिवस त्यात काढायचे आहेत आणि मधे बाजार नाही, त्यामुळे ती पुरेल. बाजाराच्या रात्री गल्ल्यातून तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा. मंगळवारी ते 4,000 चुकते करा आणि नेहमीची 8,000 ची ऑर्डर द्या, म्हणजे बुधवारपासून गाडी रुळावर. ऑर्डर अर्धी का देताय, हे मात्र भाऊंना त्याच वेळी सांगा, नाहीतर ती तुटक ऑर्डर बघून ते भलताच अर्थ काढतील.

पुढेही बाजाराच्या रात्री पैसे बाजूला काढायची ही सवय ठेवा, कारण मंगळवारी तुमचा गल्ला आठवड्यातला सगळ्यात हलका असणार. रक्कम हाताशी ठेवायची नसेल तर शुक्रवारीच यूपीआयने पाठवा, पण फर्मच्या खात्यावर, भाऊंच्या नंबरवर नव्हे. यात अविश्वास नाही. खात्यात नोंद राहून गेली तर वरून जाब त्यांनाच द्यावा लागतो.

मंगळवारची लाइन अगदीच उलट्या दिशेला असेल, तर आग्रह धरू नका. मग मंगळवारी संध्याकाळी तुम्ही फोनवर ऑर्डर लिहून द्यायची आणि बुधवारी माल पाठवता येतो का, एवढंच शेटजींकडून ठरवून घ्यायचं. भाऊंनी वसुलीला, मुदत संपलेला नि फुटका माल परत घ्यायला आणि नवी स्कीम सांगायला गुरुवारी चारनंतर यायचं. फक्त त्यांना एक विचारा: फोनवरची ऑर्डर त्यांच्या नावावर धरली जाते का? बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये सेल्समन दुकानात उभा असल्याशिवाय भेट नोंदली जात नाही. धरली जात नसेल, तर मंगळवारी यादी व्हॉट्सॲपवर पाठवा, ऑर्डर त्यांना गुरुवारी दुकानात येऊन ॲपमध्ये टाकू द्या, आणि बाजाराला लागणारी तेल-साखरेसारखी दोन-चार खोकी तेवढी शुक्रवारच्या मालातून पुढच्या बाजारासाठी जास्तीची घेऊन ठेवा.