स्पॅनला हात लावण्याआधी शून्य अंश की वीस, ते विचारा

प्रश्न: नायट्रोजनचा थर्मल एमएफसी ५०० एससीसीएमवर सेट केला, तर पिस्टन प्रूव्हर मिनिटाला ५८९ मिली दाखवतो. खोलीत २७ अंश, बॅरोमीटरवर ९४५ हेक्टोपास्कल. एमएफसी बिघडला का? स्पॅन फिरवून जुळवू का?

नाही, आणि स्पॅन, म्हणजे सगळी रीडिंग एकाच प्रमाणात वर-खाली करणारी जुळणी, तर मुळीच फिरवू नका. तुमचा एमएफसी बहुधा ठणठणीत आहे.

प्रूव्हर काचेच्या नळीतून पिस्टन किती वेळात किती वर सरकला ते मोजतो, म्हणजे त्या क्षणी त्या खोलीत वायूने व्यापलेली जागा मोजतो. एमएफसी, म्हणजे वायूचा प्रवाह मोजून राखणारा मास फ्लो कंट्रोलर, जागा मोजतच नाही. तो तापवलेल्या बारीक नळीतून वायू किती उष्णता वाहून नेतो ते पाहतो, म्हणजे वस्तुमान मोजतो, आणि 'हा वायू ठरावीक तापमानाला व दाबाला असता तर इतका भरला असता' असा आकडा एससीसीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती स्टँडर्ड घन सेंटिमीटर अशा एककात, सांगतो. दोघांना एकाच पायावर आणायचं तर:

```
Q_std = Q_act × (P_act / P_std) × (T_std / T_act)
```

तापमान केल्विनमध्ये आणि दाब निरपेक्ष घ्यायचा. तुमचे आकडे घातले की ५८९ × (९४.५ ÷ १०१.३२५) × (२७३.१५ ÷ ३००.१५) म्हणजे ४९९.९ येतात. इतकं चोख जुळतंय की मलाच जरा संशय येतो, पण त्याबद्दल शेवटी.

हे सगळं शून्य अंश हा पाया धरून. इथेच माझी जुनी दुखरी नस आहे.

एका चाचणीसाठी आम्ही दोन एमएफसींनी कृत्रिम हवा बनवत होतो, नायट्रोजन ३९५ आणि ऑक्सिजन १०५ एससीसीएम, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन. नायट्रोजनचा कंट्रोलर कॅलिब्रेशनसाठी काढला. प्रूव्हर तापमान-दाब स्वतः मोजून दुरुस्त केलेला आकडा देणारा होता. त्याने ३९५ च्या सेट पॉइंटला ४२४ दाखवले. निम्म्या सेट पॉइंटला तेवढाच टक्का जास्त, पाव सेट पॉइंटलाही तेवढाच. साहेब म्हणाले, सात टक्के पुढे गेलाय, स्पॅन खाली घ्या.

मी म्हणालो, सगळ्या बिंदूंवर एकच टक्का आणि झीरो जागच्या जागी, हे बिघाडाचं लक्षण नाही. झीरो सरकला असता तर वरच्या प्रवाहाला टक्का नगण्य दिसला असता आणि खाली येत गेल्यावर वाढत गेला असता. सेन्सरच्या केशनळीत कचरा अडकला असता तर तिच्यातून कमी वायू गेला असता, कंट्रोलरला वाटलं असतं की प्रवाह कमी आहे, आणि त्याने व्हॉल्व्ह जास्त उघडला असता. तेव्हाही प्रत्यक्ष प्रवाह वाढतो, पण तो असा पट्टीने आखल्यासारखा सारखा वाढलेला सहसा नसतो. शिवाय २९३.१५ भागिले २७३.१५ म्हणजे १.०७३. कंट्रोलरच्या पाटीवर शून्य अंश लिहिलं होतं आणि प्रूव्हरच्या सेटिंगमध्ये वीस अंश होतं. बिघाड सेटिंगमध्ये होता.

साहेबांचं उत्तर: "स्टँडर्ड म्हणजे वीस अंश, सगळ्या जगात." हे धादांत चूक आहे. सेमीकंडक्टर उद्योगाच्या सेमी ई१२ मध्ये शून्य अंश व एक वातावरण आहे, नैसर्गिक वायूच्या आयएसओ १३४४३ मध्ये १५ अंश आहे, आणि आययूपीएसीने १९८२ पासून एसटीपीचा दाबसुद्धा १०० किलोपास्कल केलाय, म्हणजे तिथे तापमान शून्य असूनही सव्वा टक्क्यांहून जास्त फरक पडतो.

स्पॅन खाली घेतला गेला. कंट्रोलर परत बसवल्यावर ऑक्सिजन अॅनालायझरने २१ च्या जागी २२.२ दाखवले. हिशोब सरळ आहे. ३९५ चे आता शून्य अंशाच्या पायावर ३६८ च जात होते, ऑक्सिजन मात्र १०५ च होता, आणि १०५ भागिले ४७३ म्हणजे २२.२. मग साहेबांनी अॅनालायझरवर संशय घेतला. त्याला बाहेरची ताजी हवा दिली, त्याने २०.९ दाखवले. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण कंट्रोलर गुपचूप पूर्ववत झाला आणि कागदावर 'ड्रिफ्ट दुरुस्त' असं लिहिलं गेलं. ते वाक्य मला आजही खुपतं, कारण पुढच्या कॅलिब्रेशनला कुणीही तो कंट्रोलर अस्थिर समजणार.

म्हणून माझं मत ठाम आहे: ज्या सर्टिफिकेटवर संदर्भ तापमान आणि दाब छापलेला नाही, ते परत पाठवावं. आणि स्पॅनला हात लावण्याआधीची रीडिंग, सगळ्या बिंदूंची, कागदावर आलीच पाहिजेत. ती नसतील तर वाद कधीच मिटत नाही.

आता तुमच्याबद्दल राहिलेलं. तुमचा ५८९ हा प्रूव्हरचा कच्चा आकडा आहे असं मी धरलंय. तुमचा प्रूव्हर स्वतःच दुरुस्ती करणारा असेल आणि पडद्यावर दुरुस्त आकडाच असेल, तर वरचं सूत्र लावणं म्हणजे दुहेरी दुरुस्ती, आणि मग ५०० च्या जागी ५८९ खरोखरच गंभीर आहे. मॅन्युअलमध्ये नाही, पडद्यावरच्या एककात बघा.

दाबाचंही असंच आहे. बॅरोमीटर खोलीतलाच आहे ना, याची खात्री करा. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो. तुमच्या उंचीवर तो १०१२ च्या आसपास दिसेल आणि तो सूत्रात घातलात तर उत्तर सात टक्क्यांनी फुगेल. वीस अंशाच्या घोळाइतकंच आणि त्याच दिशेला! म्हणजे नुसत्या टक्क्यावरून कुठली चूक आहे ते ओळखता येत नाही. दोन्ही आकडे उघडून बघावेच लागतात.

बाकी तुम्ही तासभर गरम होऊ दिलं असेल, दोन्ही बाजू बंद करून झीरो पाहिला असेल, गळती तपासली असेल असं धरतो. एक सांगतो, कंट्रोलर आणि प्रूव्हरमधली नळी आखूड ठेवा. मोठ्या पोकळीत पिस्टन निघताना दाब बदलतो, थोडा वायू त्या पोकळीतच साठतो किंवा सुटतो, आणि वेळ चुकीची मोजली जाते. छोट्या प्रवाहाला हे जास्त जाणवतं. तापमानही प्रूव्हरमधल्या वायूचं घ्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नको. एका अंशाने साधारण एक तृतीयांश टक्का जातो, आणि तुमचा एमएफसी एक टक्का अचूकतेचा असेल तर तीन अंशांत ती सगळी मुभा संपते.