वर्तुळात बसणारा सर्वांत मोठा आयत

r त्रिज्येच्या वर्तुळात जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत कोणता, हे विकलन न वापरता कसे काढावे?

आयताच्या बाजू x आणि y मानल्यास, वर्तुळातील कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर व्यासापेक्षा जास्त नसल्यामुळे, कर्णासाठी x² + y² ≤ 4r² हे बंधन मिळते. आता (x − y)² ≥ 0 यावरून 2xy ≤ x² + y² ≤ 4r², म्हणजेच xy ≤ 2r².

येथेच थांबणे पुरेसे नाही, कारण ही मर्यादा प्रत्यक्षात गाठली जाते हेही दाखवावे लागते, आणि अनेक उत्तरांत नेमकी हीच पायरी सुटते. दोन्ही ठिकाणी समानता येण्यासाठी कर्ण व्यासाइतका आणि x = y असावा लागतो; म्हणून r√2 बाजूचा चौरस हेच एकमेव उत्तर आहे. r = 5 असता 6 आणि 8 बाजूंच्या आयताचे क्षेत्रफळ 48 भरते, तर चौरसाचे 50.