धाकट्या बहिणीचं लग्न: पीएफला हात न लावता आमचा हिशेब कसा बसला

प्रश्न: पुढच्या मे महिन्यात बहिणीचं लग्न करायचं ठरतंय, अजून ११ महिने आहेत. घरात साडेसहा लाख जमलेत, पण ८०० माणसं धरून खर्च ११ लाखांवर जातोय. बाबा म्हणतात, ३ लाख पीएफमधून काढतो, उरलेल्याचं पर्सनल लोन घेऊ. त्यांच्या निवृत्तीला १० वर्षं आहेत. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर:

पीएफ मोडू देऊ नका. लग्नासाठी तो काढता येतो, म्हणूनच घरोघरी सगळ्यात आधी त्याच्याकडे लक्ष जातं. सध्याच्या ८.२५ टक्क्यांचा दर टिकला, तर आज काढलेले ३ लाख १० वर्षांनी साधारण ६ लाख ६० हजार झाले असते. बाबांची नोकरी संपेल तेव्हा ही रक्कम कुठून उभी करणार? पर्सनल लोनचंही तसंच. १४ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ५ लाख घेतले, तर महिन्याला साधारण ११,६०० रुपये हप्ता बसतो आणि जवळपास २ लाख नुसतं व्याज जातं.

माझ्या बहिणीचं लग्न आम्ही साताऱ्यात केलं. माझे वडीलही हेच म्हणत होते. आम्ही केलं ते इतकंच, की हिशेब उलट्या बाजूने धरला. आधी घरात येऊ शकणारे पैसे मोजले. दोन वर्षांची आरडी, एक मुदत संपणारी एफडी, आईची भिशी आणि माझे दीड लाख, असे ६ लाख ६० हजार होत होते. त्यातले ६० हजार बाजूला काढले आणि ते नाहीतच असं समजून ६ लाखांत लग्न बसवायला घेतलं. आहेराची पाकिटं जमेला धरली नाहीत. तुम्हीही धरू नका. आजच्या पाकिटातला पैसा उद्या त्यांच्या घरच्या कार्यात परत जायचाच असतो.

लग्नाचा खर्च पानांवर ठरतो. माणसं किती, यावर जेवण ठरतं, कार्यालय केवढं घ्यायचं ते ठरतं, पत्रिका, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल-टोप्या सगळं ठरतं. वडिलांनी आमच्या बाजूची माणसं ६४० सांगितली होती, घरटी अडीच माणसं धरून. मी कपाटातून चुलतभावाच्या लग्नातली आहेराची वही काढली. त्या वहीत कोण आलं होतं हे नावानिशी असतं. पत्रिकांची यादी आणि ती वही शेजारी ठेवून एका रविवारी आम्ही चौघं बसलो. तालुक्यातल्या घरांतून दोन-दोन माणसं आलेली, पुण्या-मुंबईच्या घरांतून एखादं, आणि वडिलांच्या ऑफिसातल्या चाळीस पत्रिकांपैकी अकरा जण. वडील पेन्सिलीने एकेका नावापुढे आकडा लिहीत गेले. कुणाचंही नाव खोडायला लागलं नाही, पत्रिका सगळ्यांना गेली, आणि तरी बेरीज ३९० वर आली. मला तो क्षण अजून आठवतो, कारण त्यानंतर वडील पीएफचं बोलले नाहीत.

केटररला आम्ही ३५० पानांची गॅरंटी दिली आणि ४०० पर्यंत त्याच दराने वाढ मिळेल असं कागदावर लिहून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. गॅरंटी दिलेल्या पानांचे पैसे माणसं जेवोत न जेवोत, द्यावेच लागतात. ६०० सांगून ४२० जेवले तर १८० पानं फुकट गेली. बुफे असेल तर ताटं मोजून घ्यायला घरचं एक माणूस बसवा. आमच्याकडे मामा बसले होते, जेवणाआधी पंचवीस-पंचवीसच्या चळती मोजून वहीत लिहिल्या आणि शेवटी उरलेल्या वजा केल्या. ३७२ पानं झाली, ३६० रुपयांनी १,३३,९२०. वडिलांच्या पहिल्या आकड्याने हेच २,३०,४०० झालं असतं. शिवाय हजार माणसांच्या कार्यालयाची गरज राहिली नाही. मोठ्याचं भाडं १ लाख ४० हजार होतं, आम्हाला ८५ हजारांचं पुरलं. वार बुधवार होता, म्हणून सजावटवाल्यानेही दर उतरवला.

एक चूक आमच्याकडूनही झाली. हळदीच्या रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांनाही आम्ही दुपारचीच संख्या धरत होतो. हळदीला घरची आणि मुक्कामी माणसंच असतात. वेळेत लक्षात आलं म्हणून ते १२० वर आणता आलं. तुमच्या ११ लाखांत हा आकडा काय धरलाय ते आजच बघा.

यादीच्या बैठकीबद्दल सांगतो, कारण खर्च तिथेच हाताबाहेर जातो. ‘दोन्हीकडचा खर्च निम्मा निम्मा’ ऐकायला चांगलं वाटतं. पण त्यांची ५०० माणसं आणि तुमची ३००, तर तुम्ही त्यांच्या १०० माणसांचं जेवण घालता. आम्ही नम्रपणे एवढंच सुचवलं की कार्यालय निम्मं, आणि पानं ज्याची त्याची. मुलाकडच्यांना ते लगेच पटलं, कारण त्यांची माणसं कमी होती. मानपानाच्या साड्या किती, हेही तिथेच आकड्यात ठरवा. ‘रीतीप्रमाणे’ असं लिहिलं, तर बस्त्याच्या दुकानात दर तासाला एकेक नाव वाढतं.

सोन्यासाठी आम्ही नवे पैसे जवळजवळ घातले नाहीत. आईच्या पाटल्या मोडून मुलीसाठी घडवल्या. वितळवण्याआधी समोर कॅरेट तपासून, वजन आणि घट लिहून घ्या. घडणावळ आणि जीएसटी मात्र धरून ठेवा, तिथे बरेच जण फसतात.

बाजूला ठेवलेल्या ६० हजारांपैकी ४७ हजार शेवटच्या आठ दिवसांत गेले. रिक्षा, ओटीचे नारळ, ब्लाउजपीस, भटजींची दक्षिणा, कार्यालयाचं मीटरचं बिल, ऐनवेळी लागलेला टेम्पो. यातलं काहीच आधीच्या हिशेबात नव्हतं. हे पैसे नसते, तर तेव्हा कुणाकडे तरी हात पसरावा लागला असता.

तुमच्याकडे ११ महिने आहेत. तुम्ही आणि बाबा मिळून १५ हजारांची आरडी १० महिने चालवली तर साडेसहाचे ८ लाख होतात. ८०० ची खरी संख्या ५०० निघाली आणि पान ४०० ला असेल, तर १ लाख २० हजार तिथे कमी होतात, लहान कार्यालयाचे वेगळे. मग उरतो तो फरक सजावट, फोटो आणि हळदीच्या कार्यक्रमात शोधा. प्री-वेडिंग शूट ठरलं असेल तर बहिणीशीच बोला, तिला हिशेब दाखवा. मुलींना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं, माझ्या बहिणीने स्वतःहून दोन गोष्टी काढून टाकल्या. एखादी एफडी लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पिकणार असेल तर ती मोडू नका, तिच्यावर बँक कर्ज देते. व्याज साधारण एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त पडतं आणि एफडी पिकली की ते फिटतं.

कार्यालयाचा ॲडव्हान्स अजून दिला नसेल तर या रविवारी वही घेऊन बसेपर्यंत देऊ नका. दिला असेल तर त्याच मालकाकडे लहान हॉल किंवा आडवार मिळतो का ते विचारा, बऱ्याच वेळा ॲडव्हान्स तिकडे वळवून देतात.